हायकूतली भावना कुठे ठेवायची?

*प्रश्न: मी इंदूरला राहते, वर्षभरापासून हायकू लिहिते आहे. पण शेवटच्या ओळीत ‘उदास’, ‘एकटी’ असं काहीतरी येतंच. ते काढलं तर नुसतं वर्णन उरतं आणि हायकू मेल्यासारखा वाटतो. ऋतू आणि क्षण सुचवायचा, भावना सांगायची नाही, हे प्रत्यक्षात कसं करतात? माझा एक हायकू देते, त्यावरच सांगाल का?*

*थंडीची रात्र*
*आईविना हे घर*
*किती उदास*

तुमच्या तीन ओळी तीन वेगवेगळी कामं करतात. पहिली ओळ ऋतूची पाटी लावते, दुसरी माहिती देते आणि तिसरी निकाल सांगते. वाचकाला करण्यासारखं काही उरतच नाही. घर उदास आहे हे तुम्हीच सांगून टाकल्यावर तो फार तर मान डोलावेल. अडचण फक्त ‘उदास’ या शब्दाची असती, तर तो खोडून काम भागलं असतं. पण वरच्या दोन ओळींत डोळ्यांना दिसेल किंवा हाताला लागेल अशी एकही वस्तू नाही, म्हणून ‘उदास’ काढल्याबरोबर सगळं कोसळतं. तुम्हाला हायकू मेल्यासारखा वाटतो तो याचमुळे.

म्हणून सुरुवात ऋतूपासून करू. जपानी हायकूत ऋतू दाखवणाऱ्या शब्दाला ‘किगो’ म्हणतात, आणि अशा शब्दांचे ऋतुवार कोश असतात, त्यांना ‘साइजिकी’ म्हणतात. किगो म्हणजे हवामानाची नोंद नव्हे. त्या एका शब्दाला महिना, उजेड, वास, माणसांची लगबग असं बरंच काही चिकटलेलं असतं, आणि ते वाचकाच्या मनात आधीपासून असतं. हायकू सतरा अक्षरांत भागतो तो या उधारीवर. ‘थंडीची रात्र’ या शब्दांना मात्र फारसं काही चिकटलेलं नाही. ती कार्तिकातली रात्र की माघातली, घरातली की रस्त्यावरची, काहीच कळत नाही.

हा साठा प्रत्येक प्रदेशाचा वेगळा असतो, आणि मराठीत हायकू लिहिणारे इथे हमखास फसतात. जपानी कवी बाशोचा 1686 सालचा बेडकाचा हायकू सगळ्यांना माहीत आहे: जुनं तळं, बेडूक उडी मारतो, पाण्याचा आवाज. जपानी कोशात बेडूक वसंताचा आहे. माळव्यात बेडूक म्हटलं की आषाढ डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे आपण तो हायकू नकळत पावसाळ्यात नेऊन वाचतो. पानगळीचंही तसंच. जपानमध्ये ती शरदात होते, लाल-पिवळ्या पानांची, आणि मग हिवाळा येतो. आपल्याकडे झाडं झडतात ती माघ-फाल्गुनात, आणि लगेच पिंपळाला तांबूस कोवळी पानं फुटतात, त्याच सुमारास पळस पेटतो. म्हणजे माळव्यातली पानगळ म्हणजे शेवट नव्हे. तिच्या मागोमाग नवं पान येतंच आहे. ‘पानगळ’ लिहून उदासी आपोआप येईल असं धरून चाललात, तर तो शब्द तुम्ही दुसऱ्याच्या हवामानातून उचलला आहे.

तेव्हा स्वतःचा छोटा ऋतुकोश करायला घ्या. मराठी महिन्यांची बारा पानं घाला आणि प्रत्येक पानावर फक्त वस्तू आणि क्रिया लिहा, विशेषणं नकोत. इंदूरपुरतं बोलायचं तर ज्येष्ठात नवतपाचे नऊ तापते दिवस, काळ्या मातीच्या भेगा, पावशाचं ओरडणं. भाद्रपदाच्या पितृपक्षात भिंतीवर शेणाने काढलेली संजा. आश्विनात सोयाबीनच्या मळणीची धूळ. थंडीत सराफ्यात तळले जाणारे आणि जिरावण मसाला भुरभुरून मिळणारे गराडू, म्हणजे कंदाचे तुकडे. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक. यातला प्रत्येक शब्द इंदूरच्या माणसाला तारखेशिवाय महिना सांगतो. ‘गराडू’ तर कोणत्याही मराठी कोशाच्या आधाराशिवाय इंदूरचा खरा किगो आहे. पुण्याच्या वाचकाला तो कळणार नाही, आणि तेवढी किंमत द्यायची की नाही हे प्रत्येक हायकूपुरतं ठरवावं लागतं.

ऋतूचा शब्द शक्यतो एकच ठेवावा. दोन आले की जपानीत त्याला ‘किगासानारी’, म्हणजे ऋतूवर ऋतू चढणं, म्हणतात. तो अगदी निषिद्ध नाही, पण सतरा अक्षरांत एकच गोष्ट दोनदा सांगणं परवडत नाही. ‘थंडी’ही आहे आणि ‘गराडू’ही आहेत, तर ‘थंडी’ फुकट गेली.

आता तुमच्या हायकूकडे वळू. आई नाही हे घरातल्या कोणत्या वस्तूला माहीत आहे? असा प्रश्न विचारला की सुचणाऱ्या पहिल्या दोन-तीन गोष्टी टाकून द्याव्यात: रिकामी खुर्ची, अर्धवट विणलेला स्वेटर, भिंतीवरचा हार घातलेला फोटो. या वस्तू आधीच रडून बसलेल्या आहेत. त्या ‘उदास’ हाच शब्द वस्तूच्या रूपात परत आणतात, आणि वाचक तिसऱ्या ओळीच्या आत ओळखतो की आपल्याकडून काय हवं आहे. त्याऐवजी रोजच्या वापरातली, थंडीत हाताशी येणारी वस्तू घ्या. माळव्यात दिवाळीनंतर दिवस उबदारच असतात, पण रात्री पारा एकदम उतरतो आणि एखाद्या रात्री पेटी उघडून गोधडी काढावी लागते. ती गोधडी मागच्या थंडीच्या शेवटी कुणीतरी घडी करून ठेवलेली असते. तुमच्या घरी ती आईने ठेवली असेल, तर हायकू तिथे आहे. या घडीत काळ आहे: मागच्या फाल्गुनातले हात आणि आजची रात्र. शिवाय उलगडली की ती घडी जाणार आहे. आई जशी चार पदर घालून मधोमध दुमडायची, तशी घडी घरात पुन्हा पडणार नाही. यातलं काहीही लिहायचं नाही.

पहिला खर्डा असा होईल:

पहिली थंडी
पेटीतली गोधडी
आईची घडी

अक्षरं पाच-सात-पाच भरली, पण यात दोन दोष आहेत. तिन्ही ओळींत यमक वाजतं आणि कान तिकडेच जातो. त्याहून मोठा दोष म्हणजे हे तीन सुटे तुकडे आहेत, खरेदीच्या यादीसारखे. हायकूचे भाग दोन असतात, तीन नव्हे. एक ओळ वेगळी उभी राहते, उरलेल्या दोन मिळून एक चित्र होतं, आणि मध्ये एक खाच पडते. जपानीत ती खाच पाडायला ‘या’, ‘काना’, ‘केरी’ असे खास शब्द आहेत, त्यांना ‘किरेजी’ म्हणतात. मराठीत असे शब्द नाहीत. आपण ते काम आडव्या रेघेने, नाहीतर क्रियापद गाळून उभ्या केलेल्या ओळीने करतो. मात्र खाच एकच. प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबा आला की खाच कुठेच राहत नाही. म्हणून शेवटच्या दोन ओळी व्याकरणाने एकमेकींत अडकवू:

पहिली थंडी —
गोधडीला अजून
आईची घडी

हा पहिल्यापेक्षा बराच चांगला आहे. थंडी आणि घडी यांचं यमक पहिल्या-तिसऱ्या ओळीत आपसूक आलं आहे. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला तेव्हापासून तीन ओळींपैकी दोन ओळींत यमक साधायची रीत आपल्याकडे चांगली रुळली आहे, त्यामुळे मराठी कानाला हे घरचं वाटेल. पण दोन शब्दांवर माझं बोट थांबतं.

पहिला शब्द ‘अजून’. तो भावनेचा नाही, काळाचा आहे, म्हणून निर्दोष वाटतो. पण हलकेच वाचकाला कोपराने ढोसतो: बघ, आई गेली तरी घडी राहिली. ‘अजून’, ‘पुन्हा’, ‘तरीही’, ‘फक्त’, ‘तोच’ हे शब्द हायकूत चोरपावलांनी स्पष्टीकरण आणतात. ‘उदास’ खोडणारा माणूसही यांना सोडून देतो. प्रत्येक वेळी शब्द काढून पाहावा. चित्र उभं राहिलं तर तो नको होता.

दुसरा शब्द ‘थंडी’. गोधडी स्वतःच थंडीची वस्तू आहे. जपानी कोशातही अंथरूण-पांघरुणाचं ‘फुतोन’ हिवाळ्यातच मोडतं. ती पेटीतून निघते आहे म्हणजे थंडी नुकतीच सुरू झाली, हेही त्यात आलं. म्हणजे ‘पहिली थंडी’ ही आख्खी ओळ गोधडीने आधीच दिलेली माहिती परत देते आहे, आणि पाच अक्षरं मोकळी होऊ शकतात. इथेच ऋतू आणि क्षण यांतला फरक कामाला येतो. ऋतू गोधडीने दिला, क्षण अजून कुणीच दिलेला नाही. पेटी केव्हा उघडली? दुपारी उन्हात, गोधड्या वाळत घालायला? की रात्री, गारठ्याने जाग आल्यावर?

रात्रीचे दोन —
पेटीत गोधडीला
आईची घडी

आता ‘थंडी’ शब्द नाही, पण थंडी आहे. जाग का आली हे गोधडी सांगते. घरात दुसरं कुणी उठलेलं दिसत नाही, म्हणून ‘एकटी’ लिहावं लागत नाही. पेटीचं झाकण उघडलं आहे, घडी अजून मोडलेली नाही, आणि हायकू तिथेच थांबतो. पुढचं एक मिनिट वाचकाच्या हातात आहे. यमक गेलं हे खरं, पण गोधडी आणि घडी आतल्या आत एकमेकींना हाक मारतात, तेवढं मला पुरेसं वाटतं. तुम्हाला यमक हवंच असेल तर ‘थंडी’ची आवृत्ती ठेवा, पण ‘अजून’च्या जागी ‘पेटीत’ आणा.

एक शंका तुमच्या मनात येईल. ‘आई गेली’ असं कुठेच नाही, मग कुणी आई गावाला गेली आहे असं वाचलं तर? वाचू द्या. आई वडोदऱ्याला भावाकडे राहायला गेली असेल तरीही हायकू खोटा पडत नाही, फक्त त्याची खोली बदलते. हायकूला मृत्यूची बातमी द्यायची नसते. बातमी द्यायचीच असेल तर ती संग्रहात शेजारच्या हायकूतून द्यावी, याच तीन ओळींत कोंबू नये.

‘रात्रीचे दोन’ऐवजी ‘गराडू आले’ अशी ओळ घालून पाहायचा मोह इंदूरकराला होईल, अक्षरंही पाचच आहेत. चव येते, गावही येतं. पण मग अर्धा हायकू बाजारात उभा राहतो आणि अर्धा माजघरात, एकाच क्षणात दोन्हीकडे असणारं माणूस उरत नाही. शिवाय गोधडी असताना तो दुसरा किगो होतो. गराडूचा हायकू वेगळा लिहावा, सराफ्यात दुकानांची शटरं पडल्यावर ओट्यांवर कढया चढतात तिथला.

आता तुमची दुसरी तक्रार: भावना काढली की नुसतं वर्णन उरतं. हे होतं, कारण दोन्ही भाग एकाच अपेक्षित चित्राचे असतात आणि खाचेत काही सापडत नाही. उदाहरणासाठी एक रचून दाखवतो:

थंड पहाट
तुळशीपानावर
दवाचे थेंब

यात भावना सांगितलेली नाही, ऋतू आहे, मोजमापही बरोबर आहे, आणि तरीही हे कॅलेंडरवरचं चित्र आहे. पहाट म्हटली की दव आणि दव म्हटलं की पान, हे वाचकाला आधीच ठाऊक असतं. इथे भावनेचा शब्द परत घालून उपयोग नाही. विचारायचं ते एवढंच: इथे नुकतंच काय घडलं, किंवा थोड्या वेळात काय नाहीसं होणार आहे?

थंड पहाट —
तुळशीभोवताली
ओली पावलं

कुणीतरी अंधारात अंघोळ करून तुळशीला प्रदक्षिणा घालून गेलं आहे. कार्तिकस्नान हा शब्द न घेता कार्तिक आला. माणूस दिसत नाही, पण त्याच्या पायांचा गारवा दिसतो, आणि फरशी उजाडेपर्यंत वाळणार आहे. पहिल्या रचनेत वेळ थांबलेली होती, या रचनेत ती वाहते. तुमच्या गोधडीच्या घडीचंही हेच आहे. भावना काढल्यावर जी पोकळी उरते, ती अशा वाहत्या वेळेने भरते.

मराठीतली आणखी एक सवय नडते, ती चेतनगुणोक्तीची. शाळेपासून आपण पावसाला रडवतो, चंद्राला रुसवतो, वाऱ्याला कुजबुजायला लावतो. कवितेत ते शोभतं, हायकूत मात्र भावनेचा शब्द क्रियापदात लपून आत येतो. ‘रडतो पाऊस’ आणि ‘उदास पाऊस’ यांत हायकूच्या दृष्टीने काही फरक नाही. पाऊस पत्र्यावर पडतो, पन्हाळीतून उतरतो, ओटीवर येतो, एवढंच त्याला करू द्या. उपमेचंही तसंच. लिहून झाल्यावर दोन भागांमध्ये आधी ‘जणू’ आणि मग ‘म्हणून’ घालून वाचा. ‘आई नाही, म्हणून घर उदास’ हे वाक्य सरळ बसतं, म्हणजे तुमच्या मूळ हायकूत कारण आणि परिणाम सांगून झालेला होता. ‘रात्रीचे दोन, म्हणून गोधडीला आईची घडी’ हे वाक्य बसत नाही, ‘जणू’ही बसत नाही. तिथे खाच जिवंत आहे. उलट कोणताही शब्द घातला तरी दोन भागांचा एकमेकांशी संबंधच लागत नसेल, तर खाच फार रुंद झाली, आणि वाचक पलीकडे पोचणार नाही. ‘रात्रीचे दोन’च्या जागी ‘गेरीचा रंग’ घालून पाहा, लगेच कळेल.

अक्षरांबद्दल थोडक्यात. पाच-सात-पाच हा जपानी ‘ओन’चा, म्हणजे उच्चारातल्या ठोक्यांचा हिशोब आहे. त्यात दीर्घ स्वराचे दोन धरतात आणि पुढे स्वर नसलेला न् वेगळा मोजतात, त्यामुळे ‘तोक्यो’ चार ओनचं होतं. मराठी अक्षराशी त्याचा मेळ बसत नाही. आपण ‘घर’ लिहिताना दोन मोजतो आणि बोलताना एकाच ठोक्यात म्हणतो. म्हणून सतरा ही वरची मर्यादा समजा, मधली ओळ जराशी लांब ठेवा, आणि अख्खा हायकू एका श्वासात, खाचेपाशी किंचित थांबून म्हणता येतो का ते पाहा. एक अक्षर भरण्यासाठी ‘हा’, ‘ही’, ‘हे’, ‘किती’ घालू नका. तुमच्या दुसऱ्या ओळीतला ‘हे’ आणि तिसऱ्या ओळीतला ‘किती’ त्यासाठीच आले होते.

लिहून झाला की दोन दिवस ठेवा, मग दोघांना द्या: एक इंदूरचा, एक बाहेरचा. शीर्षक नको, प्रस्तावना नको. आवडला का, असं विचारू नका, त्यावर सगळे हो म्हणतात. विचारा: कोणता महिना आहे? इथे आत्ता काय चाललंय? दोघांनाही महिना सांगता आला नाही, तर ऋतूचा शब्द कच्चा आहे. महिना सांगितला पण काय चाललंय ते कळलं नाही, तर क्षण धूसर आहे, बहुतेक वेळा क्रिया किंवा वेळ गाळली गेली आहे. आणि दोघांनीही लगेच, एकाच शब्दात ‘उदास’ असं उत्तर दिलं, तर कुठेतरी ‘अजून’सारखा एखादा शब्द राहून गेला आहे, तो शोधा. गोधडीच्या हायकूवर एकाने आईचं विचारलं आणि दुसऱ्याने नुसतंच ‘मग उलगडली का?’ असं विचारलं, तर त्याला आता हात लावू नका.